डबा आपला, माल सुटा

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका रिफिल दुकानात मी चार दुपारी काउंटरच्या आतल्या बाजूला उभा राहिलो. दुकान चालवणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आलेला डबा आधी उघडायचा, वास घ्यायचा, आतून बोट फिरवायचं, आणि मगच काट्यावर ठेवायचा." बोटाला ओल लागली तर डबा परत. एका आजोबांचा डबा असाच परत गेला. ते जरा नाराज झाले, पण ताईंनी कोरडं फडकं पुढे केलं आणि दोघांनी मिळून तो पुसला. तांदूळ घेऊन ते गेल्यावर ताई म्हणाल्या, "आठ दिवसांनी बुरशी आली असती, तर नाव माझ्या तांदळाचं झालं असतं."

त्या दुकानात धान्य, घाण्याचं तेल आणि कपड्यांचं लिक्विड शेजारी शेजारी मिळतं. तिन्ही गोष्टी घरच्या भांड्यात भरून न्यायच्या, त्यामुळे व्यवहार एकच वाटतो. माझ्या मते हे तीन निराळे व्यवहार आहेत, आणि सुटं घेण्याबद्दलचा बराच गोंधळ ते एकाच मापाने मोजल्यामुळे होतो. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला मालाचं किती कळू शकतं, यावर त्यांच्यातला फरक ठरतो.

कायद्याच्या भाषेतही हाच धागा आहे. २००९ च्या वैध मापन कायद्यात 'आवेष्टित वस्तू'ची व्याख्या करताना ती खरेदीदार हजर नसताना बांधलेली असते, असं म्हटलं आहे. कंपनीने माल माझ्यामागे भरला म्हणून पाकिटावर वजन, किंमत, तारीख, पत्ता सगळं छापावं लागतं. दुकानदार माझ्यादेखत माझ्या डब्यात भरतो तेव्हा त्या छापील मजकुराची जागा माझी हजेरी घेते. बघायचं, विचारायचं, मोजून घ्यायचं ते मीच. करातही हा भेद उमटला. १८ जुलै २०२२ पासून बांधून, लेबल लावून विकलेल्या डाळी, तांदूळ, गहू, पिठांवर पाच टक्के जीएसटी लागू झाला. तोच माल सुटा विकला तर कर नाही, आणि २५ किलोंपेक्षा मोठ्या पोत्यावरही नाही. म्हणून दुकानात येणारं ३० किलोंचं पोतं आणि तिथून माझ्या डब्यात पडणारी दोन किलो डाळ, दोन्ही कराबाहेर राहिली.

आधी काट्याचं बोलू. पूर्वी तराजूच्या एका पारड्यात गिऱ्हाइकाचं भांडं आणि दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा दगड किंवा खडे ठेवत. तो पासंग. 'अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही' म्हणताना आपण त्याच दगडाची आठवण काढत असतो. इलेक्ट्रॉनिक काट्यावर पासंगाचं काम टेअरचं बटण करतं. डबा झाकणासकट ठेवायचा, बटण दाबायचं, आकडा शून्यावर येतो. झाकण बाजूला ठेवून टेअर केलं आणि भरल्यावर झाकणासह तोललं, तर झाकणाचं वजनही डाळीच्या भावाने जातं. माझा स्टीलचा डबा ८२० ग्रॅमचा आहे. टेअर राहून गेलं आणि डाळ १२० रुपये किलो असेल, तर मी ९८ रुपये नुसत्या डब्याचे दिले. हे तपासायची सोपी खूण ताईंनी दाखवली. टेअर केल्यावर रिकामा डबा क्षणभर उचलायचा. आकड्यापुढे उणे चिन्ह येऊन डब्याचं वजन दिसलं पाहिजे. मी ते एकदाच बघून डब्याच्या बुडाला कायमच्या शाईने '८२०' लिहून टाकलं. त्यामुळे आता कुठल्याही दुकानात पडताळता येतं.

काट्याची दुसरी गोष्ट फारसं कुणी पाहत नाही. काट्यावरच्या पट्टीवर कमाल वजनाशेजारी किमान वजनही दिलेलं असतं. किराणा दुकानात चालणारा ३० किलोंचा काटा साधारणपणे पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो आणि त्याचं किमान वजन १०० ग्रॅम असतं. त्यावर पन्नास ग्रॅम वेलदोडे तोलले तर टप्प्यातल्या इवल्याशा चुकीचेही बरेच पैसे होतात. वेलदोडे, लवंग घ्यायची तर दुकानात एक-दोन ग्रॅमचा फरक दाखवणारा लहान काटा असायला हवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी वैध मापन खात्याकडून करून घ्यावी लागते, आणि तिचं प्रमाणपत्र दिसेल असं लावावं लागतं. ते पाहायला मागितलं म्हणून कुठल्याच चांगल्या दुकानदाराने आजवर माझ्याकडे वाकड्या नजरेने पाहिलेलं नाही.

धान्य हा सुट्या खरेदीचा सगळ्यात सरळ भाग, कारण दाणा दिसतो. मूठभर मूग तळहातावर घेऊन उजेडात धरले की बरंच कळतं. दाण्याच्या सालीला चिकटलेले पांढरे ठिपके म्हणजे कडधान्यातल्या भुंगेऱ्याची अंडी. नुसते ठिपके असतील तर किडा बाहेर पडायचा आहे, आणि टाचणीएवढी गोल भोकं असतील तर तो खाऊन गेलेला आहे. तांदूळ-गव्हाचं इतकं सोपं नाही. तिथे सोंड्या किडा दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि वरून बुजवून टाकतो. बाहेरून निर्मळ दिसणारा गहू महिनाभराने डब्यात चालायला लागतो तो यामुळे. खरं तर कीड कोठारातूनच आलेली असते, पण दोष बहुतेक वेळा शेवटच्या दुकानदाराच्या माथी मारला जातो. म्हणून गव्हात हात खुपसून पाहायचं. हाताला पांढरी भुकटी लागली, पोत्याच्या तळाशी पीठ साठलेलं दिसलं, तर आत काम सुरू झालं आहे.

इथे रिफिल दुकानांची एक खरी अडचण सांगायला हवी. चालत्या किराणा दुकानात तुरीच्या डाळीचं पोतं दोन-तीन दिवसांत संपतं. रिफिल दुकानात पस्तीस प्रकारचे माल काचेच्या उभ्या नळ्यांत भरलेले असतात, आणि त्यातले दहा प्रकार महिना महिना हलत नाहीत. उभ्या नळीचा एक फायदा आहे. माल वरून भरला जातो आणि खालून निघतो, त्यामुळे जुना आधी जातो. फावड्याने काढायच्या पेटीत याच्या उलट होतं. नवा माल वर ओतला जातो, वरूनच विकला जातो, आणि तळाशी तीन महिन्यांपूर्वीची राजगिऱ्याची थप्पी तशीच राहते. पण पीठ, रवा, बेसन नळीतून नीट पडत नाही. कमान धरून अडकतं, म्हणून त्यांना पेटीच लागते. मी ज्या दुकानात होतो तिथे प्रत्येक पेटीच्या मागे चिठ्ठी होती: पोतं कधी फोडलं, पेटी कधी पूर्ण रिकामी करून पुसली. जुन्यावर नवं ओतायचं नाही हा तिथला कडक नियम होता. त्यामुळे कधी कधी गिऱ्हाइकाला 'ज्वारी उद्या मिळेल' असं ऐकावं लागे. मला तो नकार दुकानाच्या सगळ्या पाट्यांहून जास्त विश्वासाचा वाटला. नव्या दुकानात गेलात तर भाव विचारण्याआधी 'पोतं कधी फोडलं?' हे विचारा.

दाणा दळला की हे सगळं बदलतं. हरभऱ्याची डाळ पाहून घेता येते, बेसनात काय मिसळलंय ते पाहता येत नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांत मसाल्यांची पूड फक्त बंद पाकिटातूनच विकायची, असं आहे. अख्खी हळकुंडं, धने, मिरच्या सुट्या घेता येतात. मला हा भेद शहाणपणाचा वाटतो आणि मी घरीही तोच पाळतो. अख्खं ते सुटं आणायचं, डाळ गिरणीवर दळून घ्यायची, मसाला घरी किंवा डंकावर करून घ्यायचा.

आता तेल. ते पारदर्शक असूनही सगळ्यात अपारदर्शक आहे. १९९८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं. माणसांच्या पायांना सूज आली, हृदयावर ताण पडला, आणि साठहून अधिक लोक दगावले. हे झाड आपल्याकडेही रस्त्याकडेला, पडीक रानात पिवळ्या फुलांनी उभं असतं. त्याच्या काळ्या बारीक बिया मोहरीसारख्याच दिसतात आणि तेलाच्या रंगावरून काहीच कळत नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केंद्राने खाद्यतेल बंद आणि लेबल लावलेल्या डब्यातच विकण्याचा आदेश काढला. पुढे २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही सुटं खाद्यतेल विकायला मनाई कायम राहिली. राज्य सरकारला लेखी कारण देऊन ठरावीक काळापुरती सूट देता येते, पण मूळ नियम मनाईचाच आहे. टिनचा डबा एकदा वापरला की पुन्हा खाद्यतेल भरायला वापरायचा नाही, असंही नियम सांगतात.

म्हणजे टाकीच्या तोटीखाली आपली किटली धरून तेल विकत घेणं हे, कितीही जिव्हाळ्याचं वाटलं तरी, आज बहुतेक ठिकाणी नियमाबाहेरचं आहे. मला याचं वाईट वाटतं, पण नियमामागचं कारण मी नाकारू शकत नाही. धान्याच्या बाबतीत माझी हजेरी पाकिटाची जागा घेऊ शकते, कारण मला दिसतं. तेलात मी हजर असूनही आंधळाच असतो.

घरगुती कसोट्या आहेत, पण त्यांची मर्यादा ओळखून त्या कराव्यात. पुण्यात जानेवारीत पहाटे पारा दहा-बाराला आला की बाटलीतलं 'शेंगदाणा तेल' तळाशी पांढरं होऊन गोठलं, तर पामोलीनची शंका घ्यायला जागा आहे, कारण ते शेंगदाण्याच्या तेलाआधीच गढुळतं. पण फ्रिजमध्ये ठेवून ही परीक्षा करू नका, तिथे अस्सल शेंगदाणा तेलही जाड होतं. आणि तेल पातळ राहिलं म्हणून ते शुद्ध ठरत नाही. सोयाबीनचं तेल मिसळलं असेल तर थंडीत काहीच दिसणार नाही. शेंगदाणा तेलासाठी प्रयोगशाळेत बेलिअर चाचणी करतात. तेलाला अल्कोहोलयुक्त द्रावणात प्रक्रिया करून हळूहळू थंड करतात आणि ते किती अंशांना गढुळतं ते पाहतात. शुद्ध तेल ३९ ते ४१ अंशांच्या दरम्यान गढुळतं. हे काम स्वयंपाकघरात होणारं नाही.

मग भांडं आपलं आणि तेल चोख, असा रस्ता आहे का? एक आहे, आणि तो जुनाच आहे: आपले दाणे देऊन घाण्यावर गाळून घेणं. इथे आपण तेल विकत घेत नाही, गाळणावळ देतो. मी वर्षातून तीन वेळा असं करतो, तो हिशेब मांडतो. दहा किलो शेंगदाणे घेऊन जातो. आदल्या दिवशी ते ताटात पसरून काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे वेचून काढतो. हे काम कंटाळवाणं असलं तरी सगळ्यात महत्त्वाचं आहे. बुरशीच्या दाण्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष घाण्याच्या तेलात उतरतं, आणि रिफायनरीत क्षाराच्या प्रक्रियेने जसं ते काढलं जातं तसं घाण्यात काढलं जात नाही. लाकडी घाण्यावर दहा किलोंचं साधारण चार किलो तेल निघतं, उरलेली पेंड. दाणे फार कोरडे असतील तर घाणेवाला पाण्याचा हबका मारतो, त्याशिवाय तेल सुटत नाही. ते पाणी तेलात राहिलं तर मात्र तेल टिकत नाही. म्हणून घरी आणल्यावर स्टीलच्या पातेल्यात झाकून दोन-तीन दिवस हलवायचं नाही. तळाशी करडा गाळ बसतो. वरचं नितळ तेल दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं. गाळासकट बरणीत भरलेलं तेल तापवताना फसफसतं आणि लवकर खवट होतं.

बरणीचं म्हणाल तर स्टील किंवा गडद काच. तांब्या-पितळेचं भांडं तेलाला नको, तो धातू तेल खवट होण्याचा वेग वाढवतो. आणि जुन्या तेलाचा तळाशी राहिलेला चिकट थर हा नव्या तेलाचा शत्रू. माझ्याकडे एकदा अख्खं चार किलो तेल महिनाभरात खवटलं ते त्या थरामुळे, मी 'तेलातच तेल' म्हणून बरणी न धुता भरली होती. आता गरम पाणी आणि सोड्याने धुऊन, उन्हात पालथी घालून, पूर्ण वाळल्यावरच भरतो.

बंद बाटलीतलं तेल घेऊन रिकामी बाटली अनामत परत घेत दुकानाला देणं, हा दुसरा मार्ग काही दुकानं चालवतात. त्यात भांडं आपलं नसतं, पण तेच पुन्हा वापरात येतं, आणि सील व लेबल दोन्ही टिकतात. तेलासाठी मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. यात भाव मात्र नीट वाचावा लागतो. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे, साधारण ९१० ग्रॅम. एका ठिकाणी १९० रुपये लिटर आणि दुसऱ्या ठिकाणी २०० रुपये किलो असेल, तर पहिलं स्वस्त वाटतं. १९० ला ०.९१ ने भागा, किलोला जवळपास २०९ रुपये पडले. पहिलंच महाग. शिवाय तेल उन्हाळ्यात फुगतं, त्यामुळे चाळीस अंशांत मापलेल्या लिटरात हिवाळ्यातल्या लिटरापेक्षा दीड-दोन टक्के तेल कमी असतं. तेल वजनाने घेतलं की हा प्रश्नच उरत नाही.

डिटर्जंटची गोष्ट तिसरी. ते पोटात जात नाही, म्हणून भांडी पुन्हा भरायला सगळ्यात सोयीचं. जगभरातल्या रिफिल व्यवहारात म्हणूनच ते पुढे आहे. चिलीत सॅन्टियागोच्या वस्त्यांमधून 'अल्ग्रामो' नावाचा उपक्रम सुरू झाला, नावाचा अर्थ 'ग्रॅमच्या हिशेबाने'. लहान पुड्या घेणाऱ्या गरिबाला तोच माल महाग पडतो, हे त्यामागचं निरीक्षण होतं. आपल्याकडे २०२१ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने मुंबईत एका मोठ्या दुकानात बाटली धरून लिक्विड भरायचं यंत्र बसवलं. रिफिल दुकानांत मात्र बहुधा लहान उत्पादकांकडून २० किंवा ५० लिटरच्या कॅनमध्ये लिक्विड येतं आणि तोटी लावून विकलं जातं.

यात फसगत होते ती दाटपणावरून. गिऱ्हाईक बाटली वाकडी करून बघतं, लिक्विड सावकाश सरकलं की म्हणतं 'जाड आहे, कडक आहे'. पण या द्रावणांचा दाटपणा साध्या मिठाने वाढवता येतो. मळ काढणारा घटक निम्मा असूनही मिठाचं प्रमाण जुळवलं की लिक्विड मधासारखं ओघळतं. फेसही भरवशाचा नाही. मी घरी करतो ती एकच तुलना उपयोगी पडली: रोजच्या वापरातल्या दोन सारख्या फडक्यांना तेल-हळदीचा सारखा डाग, दोन तांब्यांत सारखं पाणी, सारखं मोजून लिक्विड, अर्धा तास भिजवणं, आणि मग वाळल्यावर उजेडात बघणं. त्यातून 'एका बादलीला किती' हा खरा भाव कळतो. लिटरमागे चाळीस रुपयांनी स्वस्त लिक्विड दुप्पट घालावं लागलं तर ते स्वस्त नाही.

दुसरा बिघाड बाटलीत होतो. पाणी जास्त असलेल्या लिक्विडात ते नासू नये म्हणून घातलेला घटक मोजकाच असतो. बाटली विसळून तळाशी चार चमचे पाणी राहिलं, तर त्या घटकाचा जोर उतरतो आणि जंतू वाढतात. पंधरा दिवसांत लिक्विड पातळ होतं, थर सुटतात, कुबट वास येतो. म्हणून इथे उलटं शहाणपण लागतं: त्याच लिक्विडाची बाटली असेल तर न धुता भरा, धुतलीत तर खडखडीत वाळवा. पावडरीचं दुखणं कोकणात जास्त. तिच्यातला सोडा पावसाळ्यात ओल ओढतो आणि गठ्ठा होतो. अशा दिवसांत महिन्याची एकदम भरण्यापेक्षा आठवड्याची न्यावी.

आणि एक गोष्ट ताईंच्या दुकानात कधीच होत नसे: शीतपेयाच्या बाटलीत फिनेल किंवा लिक्विड. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, त्या नाही म्हणत. घरातलं लहान मूल बाटलीच्या आकारावर विश्वास ठेवतं. संडास साफ करायच्या आम्लाची जुनी बाटली आणली तर तीही परत, कारण तिच्यात नंतर ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. भरलेल्या प्रत्येक बाटलीला त्या मालाचं नाव आणि तारीख लिहिलेली कागदी पट्टी चिकटवत, आणि मगच पैसे घेत.

दुकानाचा हिशेब शेवटच्या दुपारी मी विचारला. पन्नास किलोंच्या पोत्यात सांडलवंड, भुसा, आटलेली ओल मिळून पाव ते अर्धा किलो घट येते. त्यात एका गिऱ्हाइकाचे पाच डबे भरायला वीस मिनिटं जातात, तेवढ्यात शेजारच्या दुकानात पंधरा पाकिटं विकली जातात. डाळ-तांदळावर सुटणाऱ्या पैशांत हे बसत नाही. ते बसवतं लिक्विड, आणि सुका मेवा. म्हणून रिफिल दुकानात डाळ कधी कधी चौकातल्या किराण्यापेक्षा महाग असते, आणि चौकातला किराणेवाला डबा नेला तर तीच डाळ निमूटपणे डब्यात भरून देतो. माझं धान्य मी आता त्याच्याकडूनच भरून आणतो. लिक्विड ताईंकडून. शनिवारी पिशवीत दोन्ही दुकानांचे डबे वेगळे ठेवावे लागतात, कारण लिक्विडाचा वास तांदळाला लागतो.